ताईंनी ग्रामपंचायत सदस्यपद सोडलं तेव्हा नक्की काय काय केलं

मी ग्रामसेवक होतो, आता रिटायर आहे. सर्व्हिसमध्ये राजीनामे बरेच पाहिले, बहुतेक भांडणातून किंवा गटाच्या प्रेशरमधून आलेले. पण २०१८ सालचा हा एक राजीनामा असा होता की त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी विचारलं की भाऊसाहेब, घरच्या अडचणीमुळे पद सोडायचंय, कसं करू, तेव्हा मी ह्याच केसचं उदाहरण दिलं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. पुणे जिल्ह्यातलं गाव, नऊ सदस्यांची बॉडी, तीन वॉर्ड, आणि ह्या ताई वॉर्ड दोनच्या सदस्य, महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या. शिवाय पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षा, ती नेमणूक ग्रामसभेने केलेली.

जूनमध्ये त्यांच्या मिस्टरांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, पुण्याला मुलीकडे ठेवून रोज फिजिओथेरपी करायची होती आणि डॉक्टरांनी वर्षभर तरी लागेल असं सांगितलेलं. ताई पंधरा दिवसांनी गावात आल्या त्या थेट ऑफिसला, आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, भाऊसाहेब, हे घ्या, मला आता जमणार नाही.

मी कागद वाचला आणि परत त्यांच्याकडे दिला. एक तर तो ग्रामसेवकाच्या नावाने लिहिलेला. दुसरं म्हणजे त्यात सदस्यपद आणि पाणी समिती दोन्ही एकाच वाक्यात सोडलेलं. आणि तिसरं, मधे एक ओळ होती की गेल्या वर्षभरात कामं अडवली गेली त्यामुळे मन उरलं नाही. खरं होतं ते, एका गटाने त्यांचं गटाराचं काम दोनदा मागे ढकललं होतं, मी साक्षीदार आहे. पण मी म्हटलं, ताई, ही ओळ ठेवली तर उद्या गावात चर्चा मिस्टरांच्या आजारपणाची होणार नाही, गटाराची होईल, आणि तुम्ही खरोखर कशासाठी चाललाय ते कुणाला कळणारच नाही. गटाराबद्दल बोलायचं असेल तर सभेत बोला, ते प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताला येईल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच पेनाने ती ओळ खोडली.

पण नवीन पत्र लिहिण्याआधी मी त्यांना राजीनामा न देण्याचा रस्तासुद्धा सांगितला, कारण तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० मध्ये असं आहे की सदस्य सलग चार महिन्यांपेक्षा जास्त गावाबाहेर राहिला, किंवा सलग सहा महिने मीटिंगला आला नाही, तर त्याचं पद जातं. मात्र पंचायतीने रजा मंजूर केली असेल तर जात नाही, आणि बाहेर राहण्यासाठी अशी रजा सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. म्हटलं, जुलैच्या मीटिंगला रजेचा अर्ज द्या, डिसेंबर-जानेवारीपर्यंत बघू. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग फोन करून म्हणाल्या की भाऊसाहेब, सहा महिन्यांनी मी परत येईन असं मला स्वतःलाच वाटत नाही, मग वॉर्डाची खुर्ची सहा महिने अडवून काय करू, तुम्ही राजीनाम्याचं सांगा कसं लिहायचं. मला तो विचार पटला. ज्याला परत यायची खात्री आहे त्याने रजा घ्यावी, ज्याला नाही त्याने मोकळं करावं. रजा आणि राजीनामा ह्यात न पडता नुसतं गायब होणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण मग पद जायला महिने लागतात आणि तोवर वॉर्डातल्या लोकांना कळत नाही की आपलं माणूस आहे की गेलं.

तर पत्र. कलम २९ प्रमाणे सदस्य राजीनामा सरपंचाला उद्देशून स्वतःच्या सहीने लेखी देतो. सरपंचाला स्वतःचं पद सोडायचं असेल तर तो पंचायत समितीच्या सभापतीला देतो. तहसीलदार, बीडीओ, ग्रामसेवक ह्यांच्या नावाने दिलेलं पत्र फिरत राहतं आणि तारखा वाया जातात. ताईंनी नवीन कागदावर, टाइप न करता, स्वतःच्या हाताने असं लिहिलं:

"मा. सरपंच यांस, माझे पती गंभीर आजारी असून त्यांच्या उपचारासाठी मला दीर्घकाळ पुणे येथे राहावे लागणार आहे. त्यामुळे मी वॉर्ड क्रमांक २ मधील सदस्यपदाचा राजीनामा स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. आजवर आपण, सर्व सदस्यांनी, कर्मचाऱ्यांनी व वॉर्डातील मतदारांनी दिलेल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे. माझ्याकडील कागदपत्रे, चाव्या व अपूर्ण कामांची माहिती मी लेखी सुपूर्द करत आहे. दि. २ जुलै २०१८."

बस, एवढंच. खाली सही, पूर्ण नाव, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यात एक साक्षीदार मुद्दाम विरोधी गटातला घेतला. पाणी समितीचं पत्र वेगळं, कारण ती नेमणूक ग्रामसभेने केलेली, तिथला बदल ग्रामसभेपुढेच व्हायला हवा होता.

हाताने लिहा आणि तारीख त्याच दिवशी टाका असं मी का सांगितलं तेही लिहितो. आपल्याकडे पदं वाटून घेतात, सव्वा वर्ष ह्याला सव्वा वर्ष त्याला, आणि निवडून आल्याबरोबर पुढारी लोक सदस्यांकडून बिनतारखेचे राजीनामे सह्या करून घेऊन ठेवतात. मग कुणी वाकडं वागलं की तारीख टाकून तो कागद बाहेर. म्हणूनच कायद्यात सोय आहे की राजीनामा मीटिंगपुढे ठेवल्यानंतर सात दिवसांत त्या सदस्याला, हा राजीनामा खरा नाही, असा वाद कलेक्टरकडे नेता येतो. वाद नसेल तर सभेपुढे ठेवल्याच्या तारखेपासून सात दिवस संपले की राजीनामा लागू होतो. ताईंच्या बाबतीत दबाव नव्हताच, पण गावात नऊपैकी पाच-चार असा खेळ होता, एक मत कमी झालं की सरपंचांची खुर्ची हलते की काय अशी कुजबुज सुरू होणारच होती, त्यामुळे कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती.

पत्र द्यायला ताई स्वतः सरपंचांच्या घरी गेल्या. हे मला फार आवडलं. आधी चहा, आधी मिस्टरांची तब्येत, मग कागद. सरपंच म्हणाले, वहिनी, तुम्ही घाई करताय. त्या म्हणाल्या, दादा, घाई मी नाही केली, देवाने केली. मग सरपंचांनी पत्र माझ्याकडे पाठवलं, मी आवक रजिस्टरला नोंद केली आणि नंबर टाकलेली झेरॉक्स ताईंना दिली. ती झेरॉक्स घ्याच, पुढे तारखेवरून काही झालं तर हातात तेवढंच असतं.

मीटिंग १२ जुलैला होती. विषय वाचल्यावर सगळे हळवे झाले. एक जुने सदस्य उठून म्हणाले, आम्ही हा राजीनामा नामंजूर करतो, ताई पाहिजेतच, आणि तिघा-चौघांनी माना डोलावल्या. आणि इथे माझी चूक झाली. मी सवयीने प्रोसिडिंगला लिहायला घेतलं होतं, "राजीनामा चर्चेअंती मंजूर". लिहिता लिहिता थांबलो. कारण इथे मंजूर-नामंजूर असं काही नसतंच. राजीनामा सभेपुढे ठेवायचा असतो, पंचायतीला तो अडवायचा अधिकार नाही आणि मंजुरी देण्याची मेहेरबानी करायचाही नाही, घड्याळ त्या दिवसापासून आपोआप चालू होतं. नामंजूर लिहिलं असतं तर पुढे तहसीलला जागा रिकामी झाली की नाही ह्यावरूनच पत्रव्यवहार सुरू झाला असता. मी सगळ्यांना समजावलं, ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि लिहिलं की राजीनामा सभेपुढे वाचून ठेवला, सभेने नोंद घेतली, आणि ताईंच्या कामाबद्दल आभाराचा ठराव एकमताने केला. प्रेम दाखवायला आभाराचा ठराव असतो, तिथे दाखवावं.

अजून एक बारीक गोष्ट. त्या दिवशी ताई अजून सदस्यच होत्या, हजेरीला त्यांची सही लागत होती आणि मत देण्याचा हक्कही होता. पुढचा विषय एका रस्त्याच्या कामाचा होता. त्या म्हणाल्या, हे काम सुरू होईल तेव्हा मी नसेन, मी मत देत नाही, तटस्थ लिहा. कायद्याने तसं करायची काही गरज नव्हती, पण दोन्ही बाजूंना ते भावलं. गटाराबद्दल मात्र त्या तीन मिनिटं बोलल्या, आवाज न चढवता, काम कुठे अडलंय, किती मीटर बाकी आहे, कुणाच्या दारात पाणी साचतं. ते प्रोसिडिंगला आलं. १९ जुलै संपला, २० तारखेपासून त्या सदस्य राहिल्या नाहीत, मी जागा रिकामी झाल्याचा रिपोर्ट तहसीलला पाठवला. लोक त्यांना विचारत होते, ताई तुमच्या जागी कुणाला बसवताय. त्यांचं उत्तर ठरलेलं, जागा मतदारांची आहे, पोटनिवडणूक लागेल, मी फक्त काम सोपवून चाललेय.

आता ते सोपवणं. लोकांना वाटतं सदस्याकडे असतं काय सोपवायला, शिक्का आणि लेटरपॅड. पण ताईंच्या घरी गेलो तर त्यांनी पलंगावर सगळं मांडून ठेवलेलं आणि मला पहिल्यांदा कळलं की वॉर्ड म्हणजे काय असतं. सगळ्यात मोठा ढीग लोकांच्या कागदांचा. निराधार पेन्शन, श्रावणबाळ, रेशनकार्डात नाव वाढवणं, घरकुल, अशा कामांसाठी लोक झेरॉक्स देता देता ओरिजिनल कागदसुद्धा देऊन जातात, ताईंकडे आहे म्हणजे सेफ आहे ह्या विश्वासाने. अकरा घरांचे कागद होते, त्यात एका आजींचं ओरिजिनल रेशनकार्ड आणि एकाचा शाळा सोडल्याचा दाखला. मी म्हटलं ऑफिसला द्या, मी वाटतो. त्या नाही म्हणाल्या. ज्याने विश्वासाने माझ्या हातात दिलं त्याला माझ्याच हाताने परत जायला पाहिजे. दोन संध्याकाळ त्या घरोघर फिरल्या, प्रत्येक कागद परत दिला, वहीत सही किंवा अंगठा घेतला, आणि फाईल कुठपर्यंत आलीय, आता कुणाला भेटायचं ते सांगितलं. मला विचाराल तर पद सोडताना ही एक गोष्ट राहिली तर बाकी सगळी सभ्यता वाया गेली. नंतर कागद सापडत नाही आणि माणूस तहसीलच्या चकरा मारत बसतो.

मग ती वही. दोनशे पानी, वॉर्डातली अपूर्ण कामं. त्यांनी ती दोन भागांत लिहिली होती आणि तशी विभागणी मी कुठल्याच सरकारी चार्ज लिस्टमध्ये पाहिली नाही. एक भाग "शब्द दिलाय", दुसरा "बघू म्हटलंय". शब्द दिलेली सहा कामं होती, जसं की मंदिरामागच्या खांबावर दिवा, अंगणवाडीच्या नळाला तोटी. बघू म्हटलेली बरीच. प्रत्येकापुढे कुणाला म्हटलं, कधी म्हटलं, आणि का अडलंय. वॉर्डात अजून दोन सदस्य होते, त्यातल्या एकाच्या हातात त्यांनी ती वही दिली आणि शेजारी बसून पानन् पान वाचून दाखवली. तो सदस्य विरोधी गटाचा होता! ताईंच्या गटातले काही जण चिडले की आपल्या माणसाला का नाही दिली. त्या म्हणाल्या, दुसरे सदस्य महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतात, हा घरी असतो, दिवा लावायला घरी असलेला माणूस लागतो.

पाणी समितीचा चार्ज थोडा किचकट होता. तिथे तीन गोष्टी होत्या, चाव्या, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि बँक खातं. चाव्या टाकीच्या गेटच्या आणि टीसीएलच्या खोलीच्या, त्या सह्या घेऊन दिल्या. टीसीएलचा स्टॉक मोजून दिला, किती गोण्या, त्यातल्या किती फोडलेल्या, कारण फोडलेली पावडर हवा आणि ओल लागून उतरत जाते आणि मग डोस तोच टाकूनही पाण्यात क्लोरीन दिसत नाही. आमची टाकी ५० हजार लिटरची, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबाने अडीचशे ग्रॅम पावडर जायची आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीनची ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का बघायचा. पाणी सोडणाऱ्या मुलाला हे येतंच होतं. त्याला माहीत नव्हतं ते ताईंनी लिहून दिलं, की वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी चाळीस मिनिटं सोडायचा, खालचा आधी सोडला तर वर प्रेशर चढत नाही, आणि पावसाळ्यात खालच्या आळीत एकदम पाणी कमी आलं तर आधी मोरीखालचा जॉइंट बघायचा, दोन वर्षांपूर्वी तिथेच फुटला होता. ऑगस्टमध्ये तसंच झालं, मुलगा थेट मोरीवर गेला आणि अर्ध्या दिवसात काम झालं, नाहीतर आख्खी लाइन उकरली असती.

बँकेत मात्र आम्ही कमी पडलो. समितीचं खातं दोन सह्यांचं, एक सही ताईंची. नवीन अध्यक्षांचं नाव ग्रामसभेत येणार १५ ऑगस्टला, म्हणजे मधे जवळपास महिनाभर खातं अडकणार हे दिसत होतं. तेव्हा समितीतल्याच एकाने ताईंना सुचवलं, वहिनी, दोन-तीन चेक सह्या करून ठेवा, आम्ही रक्कम भरून घेऊ, पाणी थांबायला नको. वाईट मनाने नव्हता म्हणाला. ताईंनी शांतपणे सांगितलं, भाऊ, ज्या चेकवर रक्कम नाही त्यावर माझी सही नाही, पण चला, आत्ताच बसून बघू काय काय द्यायचंय. तसंच केलं. वीजबिल, मोटर रिवाइंडिंगचे पैसे, टीसीएलचं बिल, सगळे चेक समितीच्या बैठकीत ठराव घेऊन ताई पदावर असतानाच काढले. चेकबुकची उरलेली पानं नंबर टाकून लिहिली, दिलेल्या चेकपैकी कुठले वटायचे बाकी आहेत त्याची यादी केली, कारण चेक तीन महिने चालतो आणि नंतर कुणी विचारलं की ही सही कधीची, तर यादी दाखवता येते. ग्रामसभा होईपर्यंत समितीतल्या एका महिला सदस्याने बैठका चालवायच्या आणि मधल्या काळात एकही नवीन चेक काढायचा नाही असंही लिहून घेतलं.

तरीपण सही बदलायला सप्टेंबर संपत आला. ग्रामसभेचा ठराव झाला, तो मी बँकेत नेला, तर जुन्या सहीदाराचं पत्र हवं म्हणाले. ते आणलं तर नवीन अध्यक्षांचं केवायसी अर्धवट, आधार आणि पॅनवर नाव वेगळं. त्यात एका प्लंबरचं बिल पाच आठवडे लटकलं आणि त्याने माझ्याकडे चार चकरा मारल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. चूक माझी होती. जुलैतच बँकेत जाऊन फॉर्म आणि कागदांची यादी आणायला हवी होती, ताई गावात होत्या तेव्हाच त्यांच्याकडून सही कमी करण्याचं पत्र घ्यायला हवं होतं, आणि ज्यांचं नाव ग्रामसभेत येणार हे जवळपास ठरलं होतं त्यांची कागदपत्रं आधी तपासायला हवी होती. ताईंना त्या एका पत्रासाठी मिस्टरांना सोडून पुण्याहून एसटीने यावं लागलं.

लेटरपॅडची उरलेली पानं त्यांनी मला मोजून दिली, एकोणीस होती, मी त्यांच्यासमोर आडवी रेघ मारून फाईलला लावली. रहिवासाच्या शिफारशीसाठी ती पानं नंतर कुणी वापरली असती तर त्रास त्यांनाच झाला असता. वॉर्डाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, तिथे दुसऱ्या सदस्याला अ‍ॅडमिन केलं आणि चार ओळींचा मेसेज टाकला, की पाणी, दिवे, कचरा ह्यासाठी आता ह्यांना फोन करा, माझी चौकशी करायची असेल तर मला करा. लगेच बाहेर पडल्या नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत थांबल्या, कुणी जुनं काही विचारलं तर उत्तर द्यायच्या, नवीन काही आलं तर नुसतं दुसऱ्या सदस्याचं नाव लिहायच्या, मग एक दिवस नमस्कार लिहून निघाल्या.

बँकेच्या कामाला आल्या त्या दिवशी एसटीला दीड तास होता. मला वाटलं ऑफिसला बसतील. ताई त्या रेशनकार्डवाल्या आजींकडे गेल्या, पेन्शन सुरू झालं का विचारायला. झालं नव्हतं, फाईलला हयातीचा दाखला कमी होता. परत येऊन मला म्हणाल्या, भाऊसाहेब, मी आता कुणी नाही, पण तेवढा दाखला तुम्ही उद्या द्याल का. मी त्याच दिवशी लिहिला आणि वहीवाल्या सदस्याच्या हातात दिला, तो दुसऱ्या दिवशी तहसीलला घेऊन गेला.